अल्सर आहे, कॉफी सुटत नाही: डिकॅफ किंवा जास्त दूध घालून चालतं का?

टिळकवाडीची_सून (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. प्रश्न आमच्या ह्यांच्यासाठी विचारतेय. वय ४८, उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. महिन्यापूर्वी पोटात वर मधोमध दुखायला लागलं, रात्री दोन-अडीचला उठून बसायचे. दुर्बिणीतून तपासणी झाली. रिपोर्टमध्ये जठराच्या खालच्या भागाला सूज आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला ६ मिलिमीटरचा अल्सर आहे असं आलं. जंतूची टेस्ट पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी १४ दिवसांचं किट दिलं आणि सांगितलं, "कॉफी, तिकट, सिगारेट बंद."

सिगारेट ते ओढतच नाहीत. तिकट कमी केलं. पण कॉफीचं काय करायचं? दिवसाला चार-पाच ग्लास, त्यातले दोन कारखान्यासमोरच्या उडुपी हॉटेलात. आमच्या पाहुण्यांनी सांगितलं म्हणून डिकॅफची बाटली ऑनलाइन मागवली. आता निम्म्याहून जास्त दूध घालून तीच देते. तरी रात्रीचं दुखणं आहेच. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, "खाऊन एक कप घेतली तर काय होत नाही." मग कुणाचं ऐकायचं? डिकॅफने आणि दुधाने खरंच फरक पडतो का?

नाना_खानापूर (सोमवार, रात्री १०:१५)

दूध चांगलंच. माझ्या वडिलांना १९६८ साली अल्सर होता, तेव्हा डॉक्टरांनी दर तासाला थंड दूध द्यायला सांगितलं होतं. आम्ही पोरं दुधाचा तांब्या घेऊन त्यांच्या उशाशी बसायचो. दूध पोटातलं आम्ल मारतं आणि आतून लेप लागतो. कॉफीत दूध वाढवा, साखर कमी करा. काळी डिकॉक्शन मात्र विष समजा.

निपाणीकर_महेश (सोमवार, रात्री १०:३२)

वहिनी, मलाही हाच त्रास होता बघा. रात्री झोपलो की छातीत जाळ, घशापर्यंत आंबट पाणी. मी चार महिन्यांपासून डिकॅफच पितोय, लई फरक पडला. डिकॅफ चालू ठेवा, सोडू नका.

कापीपुडीवाला_शहापूर (सोमवार, रात्री ११:०५)

मी कॉफी पूड दळून विकतो, वडिलांपासूनचा धंदा आहे. वैद्यकातलं मला कळत नाही, पण डिकॅफबद्दल एक गैरसमज रोज ऐकतो. लोकांना वाटतं डिकॅफ म्हणजे सौम्य कॉफी. तसं नाही. हिरव्या बियांमधलं कॅफिन आधी काढून घेतात, मग बी भाजतात. भाजल्यावर जे कडू-आंबट पदार्थ तयार होतात ते सगळे तिच्यातही होतातच. म्हणून तर तिला कॉफीचा वास असतो.

दुसरं, हॉटेलातल्या पुडीत चिकोरी असते. माझ्याकडे काही हॉटेलवाले ५३ टक्के कॉफी, ४७ टक्के चिकोरी असं मिश्रण नेतात. चिकोरीत कॅफिन नसतंच. म्हणजे तुमचे मिस्टर हॉटेलात जी पितात ती कॅफिनच्या हिशेबाने आधीच जवळजवळ निम्मी आहे. उलट कुणी घरी हौसेने शुद्ध रोबस्टा पीत असेल तर त्यात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन.

सिस्टर_एंडो (मंगळवार, सकाळी ६:५०)

ड्युटीला निघतेय, थोडक्यात लिहिते. मी बेळगावात एंडोस्कोपी विभागात चौदा वर्षं नर्स आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

वहिनी, कॉफीचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा. पहिली, किटच्या गोळ्या पूर्ण चौदा दिवस घेतल्या का? रिकामी पाकिटं मोजून सांगा, त्यांना विचारून नको. दुसरी, आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलची गोळी नक्की किती वाजता घेतात आणि त्यानंतर किती वेळाने खातात? तिसरी, कंबर, गुडघा, डोकं, कशासाठीही वेदनाशामक गोळी चालू आहे का? फाउंड्रीतला माणूस म्हणजे कंबर दुखतच असणार.

चिकोडी_एक्सप्रेस (मंगळवार, सकाळी ८:२०)

सिस्टर, तुमचं वाचून घाबरलो. मला दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज चालू आहे. ती पण वेदनाशामकच ना? पोटात जळजळ असते. आजपासून बंद केली.

सिस्टर_एंडो (मंगळवार, सकाळी ८:३१)

दादा, बंद करू नका!! आजची राहिली असेल तर घ्या आणि तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करा. ती गोळी पोटाला त्रास देऊ शकते हे खरं, पण तुमच्यात तीच स्टेंट उघडा ठेवतेय. अशा पेशंटला डॉक्टर बहुतेक वेळा गोळी चालू ठेवून पोटाचं संरक्षण करणारं औषध जोडून देतात. स्वतःच्या मनाने नाही.

चिकोडी_एक्सप्रेस (मंगळवार, सकाळी ९:०२)

घेतली. फोन पण केला. तेच सांगितलं, शिव्या वेगळ्या. धन्यवाद.

टिळकवाडीची_सून (मंगळवार, दुपारी २:१०)

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसं पाकिटं मोजली. नऊ दिवसांच्याच गोळ्या रिकाम्या आहेत. विचारलं तर म्हणाले, "तोंड कडू होतंय, लोखंड चाटल्यासारखं लागतंय, आणि दुखणं कमी झालं होतं, म्हणून सोडल्या." मला बोलले नव्हते.

पँटोप्राझोल नाश्ता झाल्यावर, कॉफीबरोबर घेतात.

आणि टिफिनच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी सापडली. कंबरेसाठी. मागे ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल असं लिहिलंय. कारखान्याच्या गेटजवळच्या मेडिकलमधून घेतात, चिठ्ठी लागत नाही म्हणे. दिवसाला दोन. आता घरात काय झालं असेल ते विचारू नका.

नाना_खानापूर (मंगळवार, दुपारी ३:००)

तोंडाला चव नाही म्हणून औषध सोडलं! आमच्या शाळेतल्या पोरांसारखं झालं. पण सिस्टर, मूळ प्रश्न राहिला. कॉफीने अल्सर होतोच ना?

सिस्टर_एंडो (मंगळवार, रात्री ९:२०)

आता निवांत लिहिते.

नाना, कॉफीमुळे पोटात आम्ल वाढतं हे खरं, पण त्यावरून कॉफीने जखम होते असं ठरत नाही. अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे एच. पायलोरी हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. जंतूचं कळायला १९८२ साल उजाडलं. ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल यांनी तो दाखवला, मार्शलने १९८४ मध्ये जंतूचं पाणी स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतलं, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आमचे सर नवीन मुलांना हे रंगवून सांगतात. जपानमध्ये २०१३ साली आठ हजारांवर लोकांचा अभ्यास झाला. त्यात कॉफी पिणारे आणि न पिणारे यांच्यात अल्सरच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

आता वहिनींच्या घरचं बघा. दोन्ही मोठी कारणं तिथं एकाच माणसात आहेत. जंतू अर्धवट मारलेला, आणि वर रोज दोन गोळ्या. त्या गोळीतलं पॅरासिटामॉल पोटाला फारसा त्रास देत नाही, चोर तो ॲसिक्लोफिनॅक. जठराच्या अस्तरावर चिकट थर असतो, तो टिकवणारं रसायनच ही औषधं कमी करतात. इंजेक्शनने घेतली तरी तेच, कारण परिणाम रक्तातून होतो. म्हणून "जेवून गोळी घेतो, मग काय होतंय" यात अर्थ नाही. कंबरेसाठी नुसतं पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. तोपर्यंत ती पट्टी घरात ठेवू नका.

पँटोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर. ते आम्ल सोडणारे पंप बंद करतं, आणि पंप चालू होतात जेवणाने. औषध आधी रक्तात पोचलेलं असावं लागतं. नाश्त्यानंतर घेतलं की बरंचसं वाया.

डिकॅफबद्दल कापीपुडीवाले बरोबर बोलले. १९७५ मध्ये मोजून पाहिलं होतं: नुसतं कॅफिन दिलं तर आम्ल थोडं वाढलं, साधी कॉफी दिली तर जास्त, आणि डिकॅफने जवळपास साध्या कॉफीइतकंच. म्हणजे कॅफिन काढलं तरी आम्ल सोडायला लावणारे बाकीचे पदार्थ राहतात. अल्सरसाठी बाटलीवर पैसे घालवू नका. झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल तर डिकॅफचा उपयोग आहे, ती वेगळी गोष्ट.

निपाणीकर_महेश (मंगळवार, रात्री ९:४५)

मग मला फरक कसा पडला? मी खोटं बोलतोय का?

सिस्टर_एंडो (मंगळवार, रात्री १०:०५)

अहो नाही. तुमचा आजार वेगळा आहे. झोपल्यावर छातीत जाळ, घशाशी आंबट पाणी, म्हणजे जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येतंय. त्यात डिकॅफने काहींना खरोखर कमी त्रास होतो, तसं दिसलंही आहे. वहिनींच्या मिस्टरांचं दुखणं खालच्या अल्सरचं. रिकाम्या पोटी, रात्री दोनला उठवणारं, काही खाल्लं की शमणारं. दोघांनाही आपण "पित्त" म्हणतो, म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला लागतं असं वाटतं.

नाना_खानापूर (बुधवार, सकाळी ७:१५)

बरं, दूध तरी? वडिलांना दूध प्यायलं की लगेच आराम पडायचा, मी डोळ्यांनी पाहिलंय.

सिस्टर_एंडो (बुधवार, दुपारी १:३०)

नाना, तुम्ही पाहिलं ते खरंच आहे. दूध पोटात पडलं की आम्ल थोडा वेळ बोथट होतं, दुखणं थांबतं. पण दुधातलं प्रथिन आणि कॅल्शियम पोटाला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. १९७६ मध्ये हेही मोजलं गेलं. साय असलेलं, कमी सायीचं, बिनसायीचं, सगळ्या दुधांनी आम्ल वाढवलं. म्हणून वडिलांना दर तासाला द्यावं लागायचं. एका तांब्याने काम झालं असतं तर तुम्हाला उशाशी बसावंच लागलं नसतं. ती पद्धत शिकागोच्या सिप्पी नावाच्या डॉक्टरांनी १९१५ मध्ये सुरू केली होती, आणि त्या काळी दुसरं काही हातात नव्हतं. दुधाबरोबर खाण्याच्या सोड्यासारख्या पावडरी भरपूर दिल्या जायच्या, त्यातून काहींच्या रक्तात कॅल्शियम वाढून किडनी बिघडायची.

कॉफीत दूध घातल्याने फायदा असलाच तर एवढाच की डिकॉक्शन कमी जाते आणि पोट अगदी रिकामं राहत नाही. पण चार ग्लास दुधाळ कॉफी म्हणजे चार वेळा पोटाला कामाला लावणं. रात्री झोपताना दुधाचा ग्लास देत असाल तर तोही बंद करून बघा. दोन वाजता उठण्यात त्याचा वाटा असू शकतो.

टिळकवाडीची_सून (बुधवार, दुपारी ३:४०)

झोपताना हळद घालून देत होते. म्हणजे मीच.

कापीपुडीवाला_शहापूर (बुधवार, दुपारी ४:१०)

वहिनी, मनाला लावून घेऊ नका, सगळ्या घरांत हेच चालतं. पण सिस्टर, मग कॉफी प्यायची की नाही? माझ्या दुकानावर माणसं हेच विचारतात आणि मी आपलं "डॉक्टरला विचारा" म्हणतो.

सिस्टर_एंडो (बुधवार, रात्री ८:५०)

आमच्याकडेच दोन सर दोन तऱ्हेने सांगतात. एक म्हणतात, उपचार चालू असेपर्यंत पूर्ण बंद. मी एकदा विचारलं तर हसून म्हणाले, "एक कप चालेल म्हटलं की पेशंट चार पितो, म्हणून शून्य सांगतो." दुसरे म्हणतात, गोळ्या नीट घेतल्या तर कॉफी पिऊनही अल्सर भरतो, त्रास होत असेल तर सोडा, होत नसेल तर सकाळी खाऊन छोटा कप घ्या. माझा अनुभव दुसऱ्यांच्या बाजूचा. उगाच सगळं तोडलं की माणूस कंटाळून औषधही सोडतो. पण सुजेमुळे ज्यांचं पोट कॉफीच्या घोटागणिक दुखतं त्यांनी दोन-तीन आठवडे थांबलेलं बरं, यात दुमत नाही.

वहिनी, एक धोक्याची गोष्ट. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं झालं, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं (आम्ही रिपोर्टमध्येही कॉफीचाच चोथा म्हणतो), चक्कर आली, तर ओपीडीची वाट बघू नका. त्याच रात्री कॅज्युअल्टी. ॲसिक्लोफिनॅकवाल्या पेशंटला कधीकधी आधी दुखतही नाही, थेट रक्तस्राव होतो.

टिळकवाडीची_सून (दहा दिवसांनी, शनिवार, रात्री ९:१५)

परत दाखवून आलो. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले तेच किट पुन्हा देण्यात अर्थ नाही, अर्धवट सोडल्याने जंतू त्या औषधाला दाद देत नसेल. नवीन औषधं दिली, त्यात टेट्रासायक्लिन आणि बिस्मथ आहे, चार वेळा घ्यायचं, १४ दिवस. मी पाकिटावर तारखा घातल्यात. कंबरेसाठी फक्त पॅरासिटामॉल आणि व्यायाम.

आज सहावा दिवस. सकाळी आरशात बघून ओरडले, जीभ काळी! शौचालाही काळं. मी तुमचं वाचलेलं, पायच गळाले.

सिस्टर_एंडो (शनिवार, रात्री ९:२८)

घाबरू नका, तो बिस्मथचा रंग. जीभही काळी होते, हीच खूण. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळपट होतं. डांबरासारखं चिकट आहे का? घाण वास, चक्कर, घाम? नसेल तर उद्या डॉक्टरांना फोन करून सांगा, एवढं पुरे. काही शंका वाटली तर मात्र आज रात्रीच दाखवा.

आणि एक विचारते. टेट्रासायक्लिन कॉफीबरोबर देताय का?

टिळकवाडीची_सून (शनिवार, रात्री ९:३३)

चिकट नाही, चक्कर नाही. गोळी नाश्त्यानंतर देते... दुधाळ कॉफीबरोबर. पोटाला बरं म्हणून.

सिस्टर_एंडो (शनिवार, रात्री ९:४१)

अगदी हेच नको. दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं, मग औषध अंगात पोचतच नाही. दही, ताक, पनीर, कॅल्शियमची गोळी, सगळ्याला लागू. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर. दुधाचं काहीही घ्यायचं तर दोन तास अंतर ठेवा. म्हणजे दुधाची कॉफी हवीच असेल तर सकाळी अकराच्या सुमाराला, दोन गोळ्यांच्या मध्ये. राहिलेल्या आठ दिवसांत एक खाडा नको.

नाना_खानापूर (शनिवार, रात्री १०:००)

म्हणजे दुधानेच औषध अडवलं. मी सोमवारी सांगितलेला सल्ला मागे घेतो, पण वडिलांचा तांब्या मागे घेणार नाही.

टिळकवाडीची_सून (सहा आठवड्यांनी, गुरुवार, सायंकाळी ६:२०)

सगळी औषधं झाली. नंतर चार आठवडे नुसतं पँटोप्राझोल होतं. रात्रीचं उठणं पूर्ण बंद झालेलं. आता जंतू गेला का हे बघायला शौचाची तपासणी आहे, त्यासाठी दोन आठवडे पँटोप्राझोल बंद ठेवायला सांगितलंय. आज बंद करून पाचवा दिवस, आणि जळजळ परत! ह्यांनी रविवारपासून हॉटेलात "बाय टू", म्हणजे एक कॉफी दोघांत, सुरू केली होती. कॉफीमुळेच झालं का? मेडिकलवाला म्हणतो, रक्ताची टेस्ट करा, लगेच कळेल.

सिस्टर_एंडो (गुरुवार, रात्री ९:१०)

रक्ताची टेस्ट नको. तिच्यात जंतू जाऊनही पुढे बरेच महिने पॉझिटिव्ह येतं. शौचाची किंवा श्वासाची टेस्टच खरी, तीही गोळी बंद ठेवून, नाहीतर जंतू असूनही दिसत नाही.

जळजळीचं म्हणाल तर बरेच दिवस बंद ठेवलेले पंप एकदम मोकळे झाले की काही दिवस आम्ल जास्तच सुटतं. ते असू शकतं. "बाय टू" मुळेही असू शकतं. दोन्ही एकाच आठवड्यात केल्यावर मला इथून कसं कळणार? टेस्ट होईपर्यंत कॉफी थांबवा, लागलं तर अँटासिडचं सिरप चालतं का हे लॅबला विचारून घ्या. दुखणं रात्री उठवणारं झालं तर टेस्टची तारीख न बघता डॉक्टरांकडे जा.

कापीपुडीवाला_शहापूर (गुरुवार, रात्री ९:३५)

वहिनी, ती डिकॅफची बाटली उरली असेल तर फेकू नका. माझ्या आईला रात्री झोप लागत नाही, अर्ध्या किमतीत घेतो.

टिळकवाडीची_सून (गुरुवार, रात्री ९:५०)

फुकट न्या. टेस्ट पुढच्या शनिवारी आहे, रिपोर्ट आला की इथेच लिहिते.